फेरविचाराचा अर्ज: सांगलीतला एक दिवस

सकाळी ८.४०

शटर अर्धं वर. ताई वाकून आत जातात, कॉम्प्युटर सुरू करतात, मग शटर पूर्ण वर करतात. दुकान दहा बाय बारा. एक टेबल, एक प्रिंटर, एक स्कॅनर, तीन खुर्च्या. पाटीवर दोनच शब्द आहेत: भाषांतर, टायपिंग. भाडं साडेसहा हजार. मदतीला एक मुलगी येते, तिला महिना नऊ हजार. भाषांतराचा दर पानाला अडीचशे रुपये, स्कॅनिंगचा पाच रुपये.

आज १० फेब्रुवारी. तासगाव तालुक्यातलं एक जोडपं येणार आहे. दोन एकर द्राक्षबाग. मुलगी कॅनडात, ओन्टारिओ प्रांतात. जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. आईवडिलांनी व्हिजिटर व्हिसासाठी डिसेंबरात अर्ज केला होता. १४ जानेवारीला दोघांनाही नकार आला.

सकाळी ९.१५

काका आणि काकू आले. काकांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची फाइल. काकूंनी आल्या आल्या फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र आहे, पावणेअकरा वाजलेत. सध्याच्या हिवाळ्यात ओन्टारिओ आपल्या साडेदहा तास मागे असतं.

"आई, ताईंना दे फोन."

मुलगी कामाचं बोलते. पत्र तीच लिहिणार आहे. ताई सुरुवातीलाच सांगतात, "पत्रात काय लिहायचं ते मी सांगणार नाही बाई. मी कागदांचं भाषांतर करीन आणि तू पाठवशील ते टाइप करून छापीन." हे भिडेखातर नाही. कॅनडाच्या कायद्यात व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन फक्त परवानाधारक सल्लागारानं किंवा वकिलानंच द्यायचा असतो. मुलगी पैसे न घेता आईवडिलांसाठी लिहू शकते.

डिसेंबरचा अर्ज एका एजंटानं भरला होता. त्यानं ३५ हजार घेतले. फाइलमध्ये त्यानं लावलेले कागद आहेत: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सीएचा संपत्तीचा दाखला, जमिनीचं मूल्यांकन, जावयाचं आमंत्रणपत्र. शेतीचा पैसा कुठून आला हे सांगणारा एकही कागद नाही.

सकाळी ९.५०

नकारपत्र टेबलावर. दोन कारणं दिलीत. पहिलं, तुमची मालमत्ता आणि आर्थिक स्थिती या प्रवासासाठी अपुरी आहे. दुसरं, मुक्काम संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याबद्दल माझी खात्री झाली नाही. तिथं नियम १७९ चा उल्लेख. ही वाक्यं ठरावीक असतात, हजारो पत्रांत तीच येतात. त्यांवरून फारसं काही कळत नाही.

कळतं ते सोबतच्या टिपणावरून. आता काही नकारपत्रांबरोबर अधिकाऱ्याचं टिपणही येतं. काकांच्या पत्राला ते जोडलेलं आहे. मुलगी फोनवर वाचते, मराठीत सांगते: अर्जदार शेतकरी. खात्यात नोव्हेंबरपर्यंत शिल्लक कमी. त्यानंतर दोन मोठ्या रकमा जमा. त्या कुठून आल्या याचा खुलासा नाही. आयकर विवरण नाही. जमिनीचं मूल्यांकन पाहिलं, पण त्यातून हाताशी पैसा असल्याचं दिसत नाही.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आवो, बेदाण्याचं पैसं हायत ते. आमच्याकडं सगळ्यांचं तवाच येत्यात."

तासगावात हे कुणाला सांगावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षं उतरतात, शेडवर वाळतात, बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो. भाव बघून दिवाळीच्या आगेमागे तो सौद्यात काढायचा. वर्षाचा पैसा दोन-तीन हप्त्यांत एकदम येतो. बाकीचे महिने खातं कोरडं असतं. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र महिन्याला पगार जमा होणारी खाती बघायची सवय. त्याला या खात्यात एकच गोष्ट दिसते: अर्जाच्या महिनाभर आधी कुणीतरी पैसे आणून ठेवलेत. आयकर विवरणावरून खुलासा झाला असता, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त. काकांनी विवरण कधी भरलंच नाही.

म्हणून आजचं सगळं काम एवढंच आहे. पैसा वाढवून दाखवायचा नाही. त्याच पैशाचा उगम दाखवायचा.

सकाळी ११.००

ताई सातबारा घेतात. डिजिटल सहीचा, ऑनलाइन पंधरा रुपयांत काढलेला. आठ-अ पण तसाच. त्या पडद्याच्या डाव्या बाजूला मूळ कागद ठेवतात, उजवीकडे भाषांतर. रकान्यासमोर रकाना. गटाचा नंबर, क्षेत्र, आकार, पीक. जे कोरं आहे तिथं 'कोरं' असं लिहितात. जे पुसट आहे तिथं 'वाचता येत नाही'.

इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आहे. एक लाख ऐंशी हजार.

काकू हळूच म्हणाल्या, "तेवढं ठेवायलाच पायजे का?"

"पाहिजेच काकू. मी प्रतिज्ञापत्रावर सही करते, भाषांतर पूर्ण आहे म्हणून. एक ओळ गाळली तरी ते खोटं होतं."

इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाबरोबर तीन गोष्टी लागतात: भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रत. भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही. मुलगी इंग्रजीत शिकली, तिकडे नोकरी करते, तरी हे बारा कागद ताईंकडे आले ते यामुळे.

बोजा लपवला नाही हे चांगलंच झालं, असं मला वाटतं. सोसायटीचा दाखला सोबत लावला तर कर्ज किती, फेड कधी, थकबाकी नाही, हे सगळं एका कागदात येतं. नियमित फेडलेलं पीककर्ज हा त्या माणसाचं गावाशी असलेलं नातं सांगणाराच कागद आहे.

दुपारी १२.४०

शेजारच्या दुकानातून एक ओळखीचे गृहस्थ आले. विषय ऐकला. उभ्याउभ्याच म्हणाले, "एवढं कशाला करता? दहा लाख महिनाभर खात्यात फिरवून घ्या. एक टक्का देतो म्हणलं की देणारे आहेत."

ताईंनी मान वर केली नाही. "त्याच कारणानं नकार आलाय, दादा."

खरंच तसं आहे. अधिकाऱ्याचा आक्षेप शिल्लक कमी असण्यावर नव्हता, अचानक वाढण्यावर होता. आज दहा लाख आणून ठेवले तर त्याचा संशय पक्का होतो. शिवाय उसना पैसा आपला म्हणून दाखवणं ही खोटी माहिती ठरते. ती ठरली तर कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी. नुसत्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. बंदी लागली की तेही गेलं.

आणि एक गोष्ट. फेरविचार म्हणजे अपील नव्हे. व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर अपील नाहीच. फेरविचार करायचा की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तो बघतो ते एवढंच: निर्णयाच्या दिवशी जी परिस्थिती होती ती नीट समजून घेण्यात काही राहिलं का? निर्णयानंतर खात्यात आलेला पैसा त्या दिवशी नव्हताच, त्याचा इथं उपयोग नाही. त्याला नवा अर्ज करायचा. काकांची बाजू इथं जरा भक्कम आहे. कागद नवे असले तरी अडत्याच्या विक्रीच्या पट्ट्या नोव्हेंबरच्या आहेत, सौदे नोव्हेंबरचे आहेत, पैसा तेव्हाचाच आहे. पण अधिकारी हेही म्हणू शकतो की हे कागद पहिल्यांदाच का दिले नाहीत. ते म्हणणं खोडता येत नाही.

दुपारी १.३०

डबा. काकूंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत आणलंय. ताईंना वाढूनच त्या बसल्या.

दुपारी २.१५

आता पट्ट्या. अडत्याच्या पट्ट्या पातळ कागदावर, कार्बनच्या, निळ्या शाईच्या. अक्षर लागायला वेळ लागतो. पहिली पट्टी हिरव्या बेदाण्याची: १३० बॉक्स, पंधरा किलोचा एक, एकूण १,९५० किलो, दर २१५. चार लाख एकोणीस हजार अडीचशे. त्यातून हमाली, तोलाई, कोल्ड स्टोरेजचं भाडं मिळून १०,८५० वजा. निव्वळ ४,०८,४००. दुसरी पट्टी पिवळ्या मालाची: ८० बॉक्स, १,२०० किलो, दर १९५. खर्च जाऊन २,२७,४००.

ताई बँकेचं स्टेटमेंट पुढे ओढतात आणि त्याशेजारी पट्टी धरून बघतात. १२ नोव्हेंबर, जमा ४,०८,४००. बरोबर. ३ डिसेंबर, जमा २,२५,४००.

दोन हजार कमी.

"काका, हे दोन हजार?"

काका आठवतात. "उचल घेतली हुती रोख. रिकाम्या बॉक्सचं द्यायचं हुतं."

रक्कम छोटी आहे. पण तिकडे बसलेल्या माणसाला हे दोन आकडे जुळले नाहीत तर पट्टी या जमेचीच आहे हे कशावरून मानायचं? खुलाशाचा कागद स्वतःच खुलासा मागायला लागतो. काकांनी अडत्याला फोन लावला. अडत्याचं पत्र आधीच आणलं होतं, त्यात उचल नव्हती. आता त्यात दोन ओळी वाढवायच्या: उचल रोख दोन हजार, तारीख अमुक, दुसऱ्या पट्टीतून वळती. दिवाणजी लगेच लिहून शिक्का मारतो म्हणाला. पुतण्या मोटारसायकलवर घेऊन येईल.

तोवर ताई मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या करतात. आणखी तीन पानं. मागच्या वर्षी निव्वळ ५,३०,०००, त्याच्या आधी ४,८५,०००. बँकेतून मागच्या दोन वर्षांची स्टेटमेंटं शिक्क्यासह आणली आहेत. दोन्हीकडे रकमा नोव्हेंबर-डिसेंबरात जमा झालेल्या. मला विचाराल तर सगळ्या फाइलमध्ये सर्वांत वजनदार कागद हेच. एका वर्षाची मोठी जमा कुणालाही घडवून आणता येईल. तीन वर्षं, त्याच दोन महिन्यांत, त्याच अडत्याकडून आलेली जमा व्हिसासाठी घडवलेली नसते. एजंटानं हे मागितलंच नव्हतं.

दुपारी ४.१५

पुतण्या आला. शर्टावर धूळ, हातात लिफाफा. "बागंत तोड चालूय, लगीच जातो," म्हणून पाणी पिऊन गेला.

ताई त्या पत्राचं भाषांतर दहा मिनिटांत संपवतात. मग सगळा गठ्ठा घेऊन कोर्टाच्या आवारात नोटरीकडे. प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्प पेपर पाचशेचा. नोटरीचे तीनशे. साक्षांकित प्रतींचे पानामागे तीस. वकीलसाहेब प्रत्येक मूळ कागद झेरॉक्सशी ताडून बघतात, मगच शिक्का. ताई तिथं उभ्या राहून प्रत्येक शिक्क्याखालची सही आणि तारीख बघतात. मागे कधीतरी एका गिऱ्हाइकाच्या प्रतीवर शिक्का होता आणि तारीख नव्हती, ते सगळं परत करावं लागलं होतं.

संध्याकाळी ५.३०

स्कॅनिंग. ४६ पानं. मदतीची मुलगी पान ठेवते, झाकण लावते, उचलते. ताई फाइलींना नावं देतात. पत्र एक. तक्ता दोन. पट्ट्या तीन. बँक चार. आकार बघून पानं हलकी करतात, कारण फॉर्मला जोडायच्या फाइलींना मर्यादा असते. हलकी करताना निळी शाई उडाली तर पुन्हा स्कॅन.

तक्ता एका पानाचा. मुलीनं रात्रीच आखून पाठवला होता, ताईंनी आकडे भरले. रकाने पाच: पट्टीची तारीख, किलो, निव्वळ रक्कम, बँकेत जमा झाल्याची तारीख, स्टेटमेंटचं पान. अधिकाऱ्यानं एक ओळ वाचली की हात थेट त्या पानावर जावा. ४६ पानांतून शोधत बसायला त्याला वेळ नसतो.

संध्याकाळी ६.४५

तिकडे सकाळचे सव्वाआठ. मुलगी कामाला निघण्याआधी फोनवर. पत्राचा अखेरचा मसुदा आला. इंग्रजीत एक पान आणि वर चार ओळी. सही काकांची, म्हणून ताई ते मराठीत वाचून दाखवतात. जे कळलेलं नाही त्यावर सही करून घ्यायची नाही, हा त्यांचा नियम.

"माझा अर्ज क्रमांक हा, नकाराची तारीख १४ जानेवारी. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी माझी विनंती आहे. माझ्या खात्यातल्या दोन मोठ्या जमांचा खुलासा अर्जात नव्हता, असं आपल्या टिपणात म्हटलं आहे. ते बरोबर आहे. तो खुलासा या पत्रासोबत देत आहे."

काका मान हलवतात. "आपली चूक कबूल करायची व्हय?"

फोनमधून मुलगी सांगते, "बाबा, चूक म्हणून नाही. त्यांना जे दिसलं ते खरंच होतं. पुढचं आपण दाखवतोय."

पहिल्या मसुद्यात हे नव्हतं. तिथं होतं की अधिकाऱ्यानं कागद नीट वाचले नाहीत, आमच्यावर अन्याय झाला, बाळंतपणाला आई नको का? मुलीनं ते सगळं स्वतःच काढलं. बरं केलं. ज्या कागदावर निर्णय झाला त्यात पट्ट्या नव्हत्या, मग न वाचल्याचा आरोप टिकत नाही.

ताई पुढे वाचतात. बेदाण्याचा हंगाम तीन वाक्यांत. तीन वर्षांच्या जमा, तक्त्याकडे बोट. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे म्हणून विवरण नाही, हे एका वाक्यात. मग खर्चाचा हिशेब. अर्जाच्या दिवशी शिल्लक ६,४१,०००. दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट २,८०,०००, विमा ४५,०००, हातखर्च ६०,०००. एकूण ३,८५,०००. उरतात २,५६,०००. सोसायटीचे १,८०,००० फेडूनही ७६,००० हातात. राहणं आणि जेवण मुलीकडे. जावयाच्या पगाराच्या पावत्या आणि तिकडच्या कर खात्याचं आकारणीपत्र जोडलं आहे. जमिनीचं मूल्यांकन पत्रात कुठेच नाही. जमीन विकून कुणी तिकीट काढत नाही, म्हणून तिची किंमत इथं कामाची नाही.

दुसऱ्या कारणाला एकच परिच्छेद. जायचं १० मेला, एप्रिलची खरड छाटणी उरकून. यायचं १५ ऑगस्टला. ऑक्टोबरात फळछाटणी असते आणि त्या वेळी मालक बागेत लागतोच. मधले महिने भाऊ बघणार, त्याचं पत्र इंग्रजीतच टाइप करून जोडलंय. "मी परत येईनच" असं वचन पत्रात नाही. त्याऐवजी छाटणीच्या तारखा आहेत.

काकूंचं पत्र वेगळं. अर्ज दोन, फाइली दोन, त्यामुळे पत्रंही दोन आणि जोडण्याही दोनदा. एका फाइलीत लावलेला कागद दुसरी फाइल उघडणाऱ्याला दिसेलच असं नाही. काकूंच्या पत्रात एक वाक्य जास्त: खातं पतीच्या एकट्याच्या नावावर आहे आणि खर्च तेच करणार आहेत.

काका सही करतात. काकू सावकाश, एकेक अक्षर.

संध्याकाळी ७.३०

बिल. भाषांतराची बारा पानं, तीन हजार. स्टॅम्प पाचशे, नोटरी तीनशे, प्रती तीनशे साठ. स्कॅनिंग दोनशे तीस. दोन पत्रांचं टायपिंग तीनशे. एकूण ४,६९०. काका पाचशेच्या नोटा मोजतात. फेरविचाराला सरकारी फी नाही.

"झालंच नाय तर?" काकूंनी विचारलं.

उत्तर मुलीनं दिलं. फेरविचाराला बहुतेक वेळा छापील उत्तर येतं, की निर्णय कायम, हवं तर नवा अर्ज करा. ते तिला माहीत आहे. नव्या अर्जाला माणशी शंभर कॅनेडियन डॉलर. बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, त्यांचे पंच्याऐंशी डॉलर पुन्हा नाहीत. आज झालेलं भाषांतर, पट्ट्या, तक्ता, सगळं नव्या अर्जालाही चालणार आहे. खरं तर आजच्या कामाचा मोठा उपयोग तिथंच आहे, असं माझं मत.

जावई-मुलगी दोघं वर्क परमिटवर आहेत, म्हणून आईवडिलांचा सुपर व्हिसा त्यांना मागता येत नाही. कोर्टाचा रस्ता आहे. कॅनडाच्या फेडरल कोर्टात, देशाबाहेरच्या निर्णयाला ६० दिवसांच्या आत. पण कोर्ट बघतं ते निर्णय समोरच्या कागदांवर वाजवी होता का. नवे कागद तिथं सहसा चालत नाहीत. काकांच्या प्रकरणात हा रस्ता कमजोर आहे, आणि वकिलाची फी डॉलरमध्ये.

रात्री ८.१०

तिकडे दहाला वीस मिनिटं आहेत, मुलगी ऑफिसात पोचलीय. इमेलनं गेलेल्या फाइली तिनं उघडून बघितल्या. पान सात तिरकं आलंय. ताई पुन्हा स्कॅन करतात. मग तिनं कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्ममधून आधी वडिलांचं पाठवलं, मग आईचं. दोन्ही पोचपावत्यांचे फोटो काकूंच्या फोनवर आले. ताईंनी ते छापून फाइलीत लावले.

तासगावची एसटी साडेआठला. काका-काकू निघाले. उद्या तोडीला माणसं येणार आहेत, त्यांचा चहा सहाला लागतो.

फेरविचाराला उत्तर कधी द्यायचं याला मुदत नाही, आणि तो मागितल्यानं कोर्टाचे ६० दिवस थांबत नाहीत. ते १५ मार्चला संपतात. मुलीनं ठरवलंय की १० मार्चपर्यंत उत्तर आलं नाही तर याच कागदांवर दोघांचे नवे अर्ज भरायचे.